पुण्याची लस आणि वाळवंटातला उपाशी माणूस

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्यात तयार झालेल्या एका लसीबद्दल इंडोनेशियात फतवा निघाला. लस गोवर आणि रुबेलाची, बनवणारी हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट, आणि फतवा देणारी तिथल्या उलमांची परिषद, ‘मजलिस उलमा इंडोनेशिया’. फतव्यातलं एक कलम सांगतं की ही लस हराम आहे, कारण ती बनवताना डुकरापासून मिळवलेले घटक वापरले जातात. त्याच्या पुढचंच कलम सांगतं की सध्या ही लस वापरणं मुबाह, म्हणजे अनुज्ञेय आहे.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं. हराम आहे तर चालेल कसं, आणि चालत असेल तर हराम कशाला म्हणायचं? पण या दोन कलमांच्या मधल्या फटीत इस्लामी न्यायशास्त्रातली एक मोठी आणि फार विचारपूर्वक घडवलेली संकल्पना बसलेली आहे. तिचं अरबी नाव ‘दरूरा’. उर्दूत तिला ‘जरूरत’ म्हणतात, आणि आपण मराठीत ‘जरूर या’ म्हणतो त्यातला ‘जरूर’ त्याच घरातला. आपल्याकडे येईपर्यंत शब्द सौम्य झाला. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिविचारात, तो अजून धारदार आहे. दरूरा म्हणजे जिवावर बेतलेली निकड.

‘दरूरा निषिद्ध गोष्टींना अनुज्ञेय करते’ हे सूत्र बरेच जण ऐकून असतात. एकोणिसाव्या शतकात, १८६९पासून, उस्मानी साम्राज्याने दिवाणी कायद्याची संहिता टप्प्याटप्प्याने छापली. तिला ‘मजल्ला’ म्हणतात. तिच्या एकविसाव्या कलमात हे सूत्र जसंच्या तसं आहे. पण लगेच बाविसावं कलम येतं की दरूरा तिच्या मापानेच मोजली जाते. तेविसावं म्हणतं की जे सबबीमुळे चालतं ते सबब संपली की चालेनासं होतं. आणि तेहेतिसावं म्हणतं की एकाची निकड दुसऱ्याचा हक्क बुडवत नाही. म्हणजे सवलत देणारं वाक्य एक आणि तिला कुंपण घालणारी वाक्यं तीन. फकीहांनी, म्हणजे विधिवेत्त्यांनी, आपली बुद्धी मुख्यतः या कुंपणावर खर्च केली आहे, आणि माझ्या मते खरा अभ्यासही त्याचाच करायला हवा.

मूळ आधार कुरआनात आहे. दुसऱ्या सूरेच्या १७३व्या आयतीत मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं जनावर निषिद्ध ठरवलं आहे, आणि तिथेच पुढे आशय असा येतो: जो नाइलाज झाला, पण हाव धरत नाही आणि मर्यादा ओलांडत नाही, त्याच्यावर पाप नाही. याच धाटणीची वाक्यं आणखी चार ठिकाणी आहेत. पाचव्या सूरेत तर ‘पोट खपाटीला लावणाऱ्या भुकेत’ असा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे फिक्हच्या ग्रंथांत या विषयाचं कायमचं उदाहरण एकच असतं: वाळवंटात अन्न संपलेला प्रवासी, आणि समोर पडलेलं मेलेलं जनावर. या माणसाला ‘मुज्तर’ म्हणतात, नाइलाज झालेला. त्याला धरून चाललं की बाकीचं सगळं समजत जातं.

पहिला प्रश्न हा की भूक किती लागली म्हणजे माणूस मुज्तर झाला? इथे फकीहांनी एक उतरंड वापरली. कैरोचे सुयूती (मृत्यू १५०५) यांच्या सूत्रांवरच्या ग्रंथात ती पाच पायऱ्यांची आहे. सगळ्यात वरची पायरी दरूरा: निषिद्ध वस्तू घेतली नाही तर माणूस मरेल किंवा मरणाच्या दारात पोहोचेल. त्याखालची हाजा. आपल्याकडचा ‘हाजत’ शब्द त्यातूनच आलेला आहे. इथला भुकेला मरणार नाही, पण त्याचे हाल होतील. अशा माणसाला रमजानचा रोजा सोडता येतो, मेलेलं जनावर मात्र खाता येत नाही. त्याच्या खाली गव्हाची भाकरी आणि मटण हवंसं वाटणारा, त्याच्याही खाली गोडधोड हवं असणारा, आणि तळाला हरामाची किंवा शंकास्पद कमाई चैनीत उडवणारा. गंमत अशी की हे पाचही जण आपापल्या इच्छेला ‘गरज’च म्हणतील. उतरंड रचण्याचं कारण हेच आहे. तोंडातला शब्द सारखाच असतो, म्हणून तपासायचं ते पुढचं नुकसान.

पण हे नुकसान कोण मोजणार? चार दिवस उपाशी राहिला की मुज्तर, असा दिवसांचा हिशेब मुख्य प्रवाहातल्या फकीहांनी ठेवला नाही. बगदादचे इमाम अहमद इब्न हंबल यांचं म्हणणं दमास्कसचे इब्न कुदामा (मृत्यू १२२३) नोंदवतात, आणि मला ते फार व्यवहारी वाटतं. न खाल्ल्यामुळे चालता येणार नाही, चालता आलं नाही तर तांडा पुढे जाईल, आणि तांडा गेला तर आपण मरू, अशी रास्त भीती वाटली तरी माणूस मुज्तर ठरतो. म्हणजे प्राण कंठाशी येईपर्यंत थांबायची सक्ती नाही. मरण कुठून येणार ती साखळी मात्र खरी हवी आणि दाखवता यायला हवी. ‘पुढेमागे कधीतरी अडचण होईल’ एवढ्यावर दार उघडत नाही. आणि दुसरा कुठला हलाल मार्ग हाताशी असेल, कोणाकडे मागून मिळण्यासारखं असेल, तर पहिल्या पायरीवरच दावा पडतो.

दुसरा प्रश्न मापाचा. मेलेलं जनावर खायची वेळ आली, तर खायचं किती? सुन्नी विधिविचाराच्या दोन परंपरांतले, हनफी आणि बहुसंख्य शाफिई, फकीह म्हणतात, धुगधुगी टिकेल एवढंच. अरबीत याला ‘सद्द अर-रमक’ म्हणतात, जाणारा शेवटचा श्वास अडवण्यापुरतं. चार घासांत जीव तगला तर पाचवा घास पुन्हा हराम, कारण चौथ्या घासानंतर तो माणूस मुज्तर राहिलाच नाही. मदीनेचे इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, पोटभर खा, वाटेसाठी बांधूनही घे, आणि पुढे हलाल अन्न मिळालं की ते टाकून दे. मालिक ढिले नव्हते. वाळवंटात पुढचं गाव किती लांब हे माहीत नसतं, आणि चार घास खाऊन निघालेला माणूस दोन कोसांवर पुन्हा त्याच अवस्थेत येणार, पण तिथे मेलेलं जनावरही नसणार. दोन्ही बाजू मापच लावत आहेत. एक आत्ताच्या क्षणाचं, दुसरी संपूर्ण प्रवासाचं.

मापाची ही कल्पना आपल्या वाचकाला परकी वाटू नये. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशात पिकं नष्ट झालेली असताना तो एका माहुताकडून त्याचे उष्टे कुल्माष, म्हणजे हलके उडीद, मागून खातो. माहूत पाणी पुढे करतो तेव्हा मात्र नको म्हणतो, ते उष्टं होईल. माहूत विचारतो, मग हे कुल्माष उष्टे नव्हते का? उषस्ती म्हणतो, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळेल. परंपरा वेगळी, शुद्धाशुद्धतेची कल्पना वेगळी, पण बाविसाव्या कलमाचं याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

फकीहांनी हे माप अन्नापुरतं ठेवलं नाही. हाड मोडलेल्या हातावर पट्टी बांधली की वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, पट्टीवरून नुसता ओला हात फिरवला तरी चालतं. पण पट्टीने निरोगी कातडी झाकायची ती बांधण्यापुरतीच. वैद्याला रुग्णाचं शरीर पाहता येतं, पण दुखऱ्या भागापुरतं. आणि मला सर्वांत आवडणारं उदाहरण लग्नाचं आहे. स्थळाबद्दल कोणी सल्ला विचारला तर त्या माणसाचे दोष सांगायला परवानगी आहे, एरवी ती चहाडी ठरेल. पण ‘हे स्थळ तुमच्या मुलीला योग्य नाही’ एवढ्यावर भागत असेल तर पुढचा तपशील बोलणं पुन्हा हराम. आपल्याकडे चौकशीला आलेल्या पाहुण्यासमोर काय काय बोललं जातं ते आठवलं, की हे माप किती बारीक आहे ते कळतं.

याच टप्प्यावर एक जुना वाद आहे, आणि त्याचा धागा थेट कोकणात येतो. महाराष्ट्रातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी पंथपद्धतीचे आहेत, पण रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवरचे कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफिई. इंडोनेशियाही शाफिई. हिंदी महासागरातल्या व्यापाराच्या वाटेनेच ही परंपरा दोन्हीकडे रुजली. आता समजा वाळवंटातला तो भुकेला माणूस साधा प्रवासी नसून वाटमारी करायला निघालेला दरोडेखोर आहे. त्याला सवलत द्यायची का? शाफिई म्हणतात, नाही. आयतीत ‘हाव न धरणारा, मर्यादा न ओलांडणारा’ असं आहे, आणि त्यांच्या वाचनात त्यात बंडखोर आणि वाटमाऱ्या बाहेर पडतात. पापासाठी केलेल्या प्रवासाला धर्माने शिधा पुरवायचा नाही. त्याने आधी तौबा करावी, म्हणजे पश्चात्ताप करून तो बेत सोडावा, मग खावं. किल्ली त्याच्याच हातात आहे. हनफी म्हणतात, त्या शब्दांचा अर्थ खाण्यातली हाव आणि खाण्यातली मर्यादा. दरोड्याचं पाप वेगळं, त्याची शिक्षाही वेगळी, पण म्हणून त्याने उपाशी मरावं असं नाही. उपाशी राहून जीव देणं हे आणखी एक पाप होईल.

तहानेने मरणाऱ्याने दारू प्यावी का, यावरही असाच मतभेद आहे. हनफी परवानगी देतात. शाफिईंचं प्रबळ मत नाही म्हणतं, आणि कारण वैद्यकीय आहे: दारूने तहान भागत नाही, उलट वाढते. जी गोष्ट संकट दूरच करत नाही तिला दरूरेचा आधार कसा मिळणार? पण घास घशात अडकून श्वास कोंडला असेल आणि जवळ दारूशिवाय काही नसेल, तर तेच शाफिई म्हणतात, तिचा घोट घेऊन घास उतरवलाच पाहिजे. तिथे उपाय खात्रीचा आहे आणि परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. म्हणजे परवानगीसाठी नुसतं संकट पुरत नाही, त्या निषिद्ध वस्तूने ते संकट टळेल याची खात्रीही लागते.

आतापर्यंत मुज्तरच्या समोर मेलेलं जनावर होतं, ते कोणाच्या मालकीचं नव्हतं. आता त्याच्या एका बाजूला मेलेलं जनावर ठेवू आणि दुसऱ्या बाजूला कोणाची तरी फळबाग. मेलेलं जनावर अल्लाहने निषिद्ध केलं, बागेतलं फळ हलाल आहे पण दुसऱ्याचं. काय खावं? हा प्रश्न मालिकना विचारला गेला होता आणि त्यांचं उत्तर त्यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात आहे. ते म्हणतात, बागेचे मालक आपली निकड खरी मानतील, आपल्याला चोर ठरवणार नाहीत असं वाटत असेल तर फळ खावं, भूक भागेल एवढंच, बांधून काही नेऊ नये. हे मेलेल्या जनावरापेक्षा बरं. पण लोक विश्वास ठेवणार नाहीत आणि हात कापला जाण्याची भीती असेल, तर मेलेलं जनावर खाल्लेलं बरं. आणि मग ते आपली काळजीही सांगतात: खरोखर नाइलाज न झालेला माणूसही हीच सबब सांगून लोकांची पिकं आणि फळं लुबाडू लागेल. लक्षात घ्या, वाटेसाठी बांधून घ्यायला सांगणारे मालिक हेच. मेलेल्या जनावराच्या बाबतीत ते सैल आहेत, दुसऱ्याच्या मालाला हात लागताच कडक होतात.

तेहेतिसाव्या कलमाचा अर्थ इथे उलगडतो. भुकेने मरणाऱ्याने दुसऱ्याची भाकरी खाल्ली तर पाप नाही, शिक्षाही नाही, पण भाकरीची किंमत द्यावी लागते. आज नसेल तर ती अंगावर कर्ज म्हणून राहते. निकडीने पाप पुसलं, देणं पुसलं नाही.

मालकाची बाजूही फकीहांनी मोकळी सोडलेली नाही. मालक स्वतःच उपाशी असेल तर त्याचा हक्क आधी, कारण एकाचं मरण टाळायला दुसऱ्यावर तेच मरण लादता येत नाही. पण त्याच्याकडे जास्तीचं अन्न असेल तर उपाशी माणसाला ते देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, किंमत घेऊन का होईना. इब्न कुदामा पुढे लिहितात की मालकाने अडवणूक करून भलती किंमत मागितली तरी उपाशी माणूस नेहमीच्या बाजारभावापेक्षा जास्त देणं लागत नाही. आणि मालकाने साफ नकार दिला तर त्याच्याशी झगडून अन्न घेण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या निकडीवर धंदा करणाऱ्याला या शास्त्रात संरक्षण नाही.

याची एक घडलेली नोंद मुवत्तामध्येच आहे. खलिफा उमर यांच्या काळात हातिब नावाच्या माणसाच्या गुलामांनी मुझैना टोळीतल्या एकाची उंटीण चोरून कापली. उमर यांनी आधी हात कापण्याचा हुकूम दिला. मग थांबून हातिबला म्हणाले, तू यांना उपाशी ठेवतोस असं मला दिसतंय. तुला जड जाईल असा दंड मी तुला करणार आहे. उंटिणीच्या मालकाला किंमत विचारली. तो म्हणाला, चारशे दिरहमला मागितली होती तेव्हा मी दिली नव्हती. उमर यांनी निकाल दिला, त्याला आठशे द्या. शिक्षा गुलामांवरून उठली आणि पैसे, तेही दुप्पट, ज्याने त्यांना उपाशी ठेवलं त्याच्या खिशातून गेले. मालिक ही नोंद देतात आणि लगेच लिहितात की दुप्पट किंमत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही, मूळ किंमत द्यायची. म्हणजे उमर यांचा निकाल असला तरी तो डोळे मिटून नियम बनवला गेला नाही. पण त्यातला एक प्रश्न मला अजूनही सोडत नाही: निकड सांगणारा समोर उभा राहिला की ती निकड कोणी निर्माण केली हेही विचारायचं असतं.

एक दार मात्र कुठल्याही निकडीने उघडत नाही. तलवार मानेवर ठेवून कोणी म्हणालं, डुकराचं मांस खा, तर खावं. कोणी म्हणालं, तोंडाने ईमान नाकार, तर मनातली श्रद्धा कायम ठेवून तोंडाने तसं बोलायला सोळाव्या सूरेच्या १०६व्या आयतीने मुभा दिली आहे, पण न बोलता मरण पत्करलं तर ते अधिक श्रेष्ठ. मात्र कोणी म्हणालं, त्या निरपराध माणसाला ठार मार नाहीतर तुला मारतो, तर मारता येत नाही. आपला जीव त्याच्या जिवापेक्षा मोलाचा आहे असं म्हणायला कुठलाच आधार नाही.

हेच तत्त्व तूसचे गझाली (मृत्यू ११११) यांनी एका बुडत्या जहाजावर तपासलं. जहाजात भार जास्त झालाय, एकाला समुद्रात फेकलं तर बाकी वाचतील, नाही तर सगळे बुडतील. फेकावं का? गझालींचं उत्तर, नाही. चिठ्ठ्या टाकूनही नाही, कारण माणसाचा जीव चिठ्ठीवर घेण्याला शास्त्रात मूळ नाही. बेरीज-वजाबाकी करणाऱ्या मनाला हे पटायला जड जातं, मलाही पहिल्यांदा गेलं होतं. पण पाच जगतील म्हणून एकाला मारता येतं हे एकदा मान्य केलं, की दरूरेचा दावा करणारा कायम पाचांत असतो आणि मरणारा कायम एकटा.

आता खालच्या पायरीकडे, हाजाकडे, कारण आजचे बहुतेक वाद तिथलेच आहेत. मजल्लाच्या बत्तिसाव्या कलमात म्हटलं आहे की हाजा, मग ती सार्वत्रिक असो वा विशिष्ट गटाची, दरूरेच्या जागी धरली जाते. हे सूत्र उपयोगी आहे आणि धोक्याचंही. डब्लिनच्या युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च या संस्थेने १९९९मध्ये त्याच्या आधारे युरोपातल्या मुसलमानांना व्याजाच्या कर्जाने घर घ्यायला परवानगी दिली. अटी होत्या: घर स्वतःच्या कुटुंबाला राहायला हवं, दुसरं घर नको, आणि कर्जाशिवाय घेण्याइतका पैसा नको. विरोधकांचं म्हणणं होतं की भाड्याने घर मिळत असताना ही हाजाही नाही आणि दरूरा तर नाहीच. मला विरोधकांच्या प्रश्नात दम वाटतो, पण अटींकडे पाहिलं की कळतं, परवानगी देणाऱ्यांनीही माप सोडलेलं नव्हतं. दुसरं घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला तो फतवा लागू होत नाही.

आता लसीकडे परत येऊ. इंडोनेशियातल्या त्या फतव्याने लस वापरायला मुबाह ठरवताना तीन कारणं दिली. एक, शरीयतच्या अर्थाने दरूरेची स्थिती आहे. दोन, हलाल आणि पाक अशी गोवर-रुबेला लस अजून उपलब्ध नाही. तीन, लस न दिल्यास काय धोका आहे हे जाणकार आणि विश्वासार्ह तज्ज्ञांनी सांगितलं आहे. आणि त्यानंतरचं कलम: हलाल लस सापडली की ही परवानगी संपली.

आता वाळवंटातल्या माणसाला समोर ठेवून हे वाचा. दुसरं कारण म्हणजे ‘जवळ हलाल अन्न नाही’. तिसरं म्हणजे नुकसानाची साखळी, तांडा पुढे गेला तर मरू ही, फक्त इथे ती सांगण्याचा अधिकार फकीहाने स्वतःकडे न ठेवता वैद्यकातल्या माणसाला दिला आहे. गर्भवतीला रुबेला झाला तर बाळ बहिरं किंवा मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं, त्याच्या हृदयातही दोष राहू शकतो, हे मौलवीने नव्हे तर डॉक्टरने सांगायचं. आणि शेवटचं कलम म्हणजे मजल्लाच्या तेविसाव्या कलमाची सही. ‘हराम’ हा शब्द फतव्यात मुद्दाम ठेवला आहे. तो काढला असता तर हलाल लस शोधण्याची जबाबदारी कोणावरच उरली नसती. फतव्याने ती सरकारवर आणि उत्पादकांवर टाकली.

सुमारे अडीच वर्षांनी, मार्च २०२१मध्ये, त्याच परिषदेने अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीबद्दल असाच निर्णय दिला. उत्पादनात डुकराच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन वापरलं आहे असं परिषदेचं म्हणणं होतं, कंपनीने ते नाकारलं. यावेळी पेच आणखी नाजूक होता, कारण सायनोव्हॅकची लस परिषदेनेच आधी हलाल ठरवली होती. मग ‘हलाल पर्याय नाही’ कसं म्हणणार? परिषदेने लिहिलं की हलाल लस आहे, पण देशाला पुरेल एवढी नाही, आणि जगभर तुटवडा असताना सरकारला लस निवडायला मोकळीक नाही. शिवाय यावेळी आधार हाजाचा घेतला, दरूरेच्या जागी बसणाऱ्या तातडीच्या हाजाचा. शिदोरीत एकच भाकरी आहे आणि खाणारे शंभर, असं ते गणित होतं. पूर्व जावातल्या त्याच परिषदेच्या शाखेने मात्र वेगळा रस्ता धरला. मूळ पदार्थ प्रक्रियेत पूर्ण बदलून गेला की तो नापाक राहत नाही, या ‘इस्तिहाला’च्या सूत्राने त्यांनी ही लस वापरायला योग्य ठरवली. त्या रस्त्याने गेलं तर दरूरेची गरजच पडत नाही.

२०१८च्या मोहिमेचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. २०१७मध्ये जावा बेटावरची पहिली फेरी यशस्वी झाली होती. फतव्याच्या वर्षी जावाबाहेरच्या प्रांतांत झालेली दुसरी फेरी ९५ टक्क्यांचं उद्दिष्ट गाठू शकली नाही आणि आचेमध्ये तर लस घेणाऱ्या मुलांचं प्रमाण फारच खाली राहिलं. ‘हराम’ हा शब्द वाचून पुष्कळ आईबाप तिथेच थांबले.

पण शास्त्र तिथे थांबत नव्हतं. मेलेलं जनावर समोर असून न खाता जो मेला, तो पुण्यवान की पापी, हाही प्रश्न फकीहांनी विचारलेला आहे. काहींनी न खाण्याला संयम मानलं. पण सुरुवातीच्या पिढीतले कूफाचे मसरूक म्हणत, नाइलाज होऊनही ज्याने खाल्लं नाही आणि मेला, तो नरकात गेला. बहुतेक फकीहांनी याच बाजूने खाणं वाजिब, म्हणजे कर्तव्य मानलं. आणि त्याच इंडोनेशियन परिषदेच्या २०१६च्या लसीकरणावरच्या फतव्यात एक कलम आहे: लस न दिल्याने मृत्यू, गंभीर आजार किंवा जीव धोक्यात घालणारं कायमचं अपंगत्व येईल असं विश्वासार्ह तज्ज्ञ सांगत असतील, तर लस देणं वाजिब आहे.